फ्रोजन चिकन आणि मासळीचा बर्फ सोडवताना

नवीन घरी राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी एक किलो चिकनची पिशवी फ्रीजरमधून काढून सकाळी नऊला ओट्यावर ठेवली आणि कामाला निघून गेले. दुपारी तीनला परत आले तेव्हा पिशवीत लालसर पाणी साचलं होतं. वरचे तुकडे हाताला कोमट लागले, पण बोट आत घातलं तर मधला गोळा अजून दगडासारखा. ते चिकन मी टाकून दिलं. वाया गेल्याचं वाईट वाटलं, पण तेच बरोबर होतं. बर्फ सोडवण्याचे सगळे नियम त्या पिशवीत दिसत होते: मांसाचा बर्फ बाहेरून आत सुटत जातो, आणि आतला सुटेपर्यंत बाहेरचा थर किती वेळ गरम राहिला यावर सगळं ठरतं.

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात, हे धरूनच चालायचं. मांस ४ अंश सेल्सियसच्या वर गेलं की साल्मोनेलासारखे जिवाणू पुन्हा वाढायला लागतात, आणि ही वाढ साधारण ६० अंशांपर्यंत चालू राहते. ऊब त्यांना मानवली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून कच्चं मांस-मासळी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेमध्ये नागपूर, सोलापूर सोडा, पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातही दुपारी पारा ३२ च्या वर असतोच. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात तो एक तासच खरा. एका तासात किलोभर चिकनचा बर्फ ओट्यावर सुटत नाही. त्यामुळे ओट्यावर ठेवून बर्फ सोडवणे हा पर्याय मुळातच बाद होतो.

गोठायला जितका वेळ लागतो त्याहून सुटायला जास्त का लागतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळपास चौपट वेगाने वाहते. गोठताना बाहेर आधी बर्फाचा थर तयार होतो आणि तो आतली उष्णता भराभर बाहेर जाऊ देतो. बर्फ सुटताना बाहेर ओल्या मांसाचा थर तयार होतो आणि तो गोधडीसारखा आतल्या बर्फाला झाकून ठेवतो. म्हणून गोळा जितका जाड तितका वेळ वाढतो, आणि जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीहूनही बराच जास्त. बर्फ लवकर आणि सुखरूप सुटावा अशी तयारी गोठवतानाच करता येते, ती अशी.

गोठवताना

बाजारातून आणलेलं करी कट चिकन अख्ख्या किलोच्या गोळ्यात ठेवू नका. एका वेळी लागेल तेवढं, समजा अर्धा किलो, एका पिशवीत घ्या. तुकडे एकावर एक न चढवता पिशवी आडवी ठेवून चपटी करा, दोन-तीन सेंटीमीटर जाडीची. हवा दाबून बाहेर काढा, तोंड घट्ट बंद करा, वर तारीख आणि वजन लिहा. पिशव्या एका ताटावर पसरून गोठवा, कडक झाल्या की पुस्तकांसारख्या उभ्या लावा. सुरमईच्या तुकड्यांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घातला तर नंतर तुकडे सुटे निघतात, चाकू घालून वेगळे करावे लागत नाहीत. गोठलेल्या मासळीत चाकूचं टोक घालून जोर लावताना हात कापून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

पहिली पद्धत: फ्रीजच्या खालच्या भागात

जमेल तेव्हा हीच पद्धत वापरा. वेळ जास्त लागतो, पण बाहेरचा थर कधीच गरम होत नाही, आणि यातच पुढे बेत बदलायची मुभा मिळते.

आधी आपला फ्रीज खरोखर थंड आहे का ते पाहा. पेलाभर पाण्यात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा (तापाचा चालणार नाही, शून्यापासून दाखवणारा हवा). सकाळी ४ किंवा त्याहून कमी दिसलं पाहिजे. सात-आठ दिसत असेल तर बटण पुढे सरकवा, आणि दाराचं रबर सैल झालंय का तेही बघा. बर्फाने गच्च भरलेल्या जुन्या एका दाराच्या फ्रीजमध्ये खालची फळी बरेचदा वाटतं त्याहून उबदार असते.

पिशवी नेहमी काठ असलेल्या भांड्यात ठेवा. पातेलं, परात, खोलगट ताट, काहीही चालेल. भांडं सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा. पिशवी फुटली आणि कोंबडीचं पाणी खालच्या दह्यात किंवा चिरलेल्या कोथिंबिरीत पडलं, तर ते पदार्थ आपण शिजवून खाणार नसतो. खरा धोका तिथे असतो.

आता वेळेचा हिशोब एका रविवारच्या जेवणावर करू. दुपारी एक वाजता एक किलो चिकनचा रस्सा व्हायचा आहे. अर्धा-अर्धा किलोच्या दोन चपट्या पिशव्या फ्रीजरमध्ये आहेत. शुक्रवारी रात्री त्या परातीत एकमेकींना न चिकटवता ठेवून फ्रीजच्या खालच्या फळीवर आणा. अर्धा किलो असलं तरी पूर्ण दिवस धरा, म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत बर्फ सुटलेला असेल. त्याच रात्री आलं-लसूण, हळद, मीठ, दही लावून भांडं पुन्हा फ्रीजमध्येच ठेवा. रविवारी अकरा वाजता थेट फोडणीत. शनिवारी रात्री काढलं तर रविवारी सकाळी मध्ये बर्फ राहण्याची शक्यता खूप. अख्खी कोंबडी असेल तर आणखी आधी काढावी लागते. दोन-अडीच किलोच्या पक्ष्याला एक पूर्ण दिवस पुरतो असं गणित आहे, पण आपला फ्रीज भरलेला असेल तर मी दीड दिवस धरते.

बर्फ पूर्ण सुटल्यापासून चिकन आणि मासळी एक-दोन दिवसांत शिजवायला हवी. हळद-मीठ लावून ठेवलंय म्हणून ही मुदत वाढत नाही. घरोघरी तसं समजतात, पण तेवढ्याशा हळद-मिठाने जिवाणूंची वाढ थांबत नाही, आणि बाहेर ठेवलेलं मॅरिनेट केलेलं चिकन हे बाहेर ठेवलेलं कच्चं चिकनच असतं.

मासळीला वेळ कमी लागतो. सुरमईचे, हलव्याचे तुकडे एका थरात ठेवले तर रात्रभरात तयार होतात. तुकडे जाळीवर किंवा उलट्या वाटीवर टेकवून ठेवले तर सुटलेलं पाणी खाली जातं, तुकडे त्यात भिजत राहत नाहीत आणि तळताना तव्यावर फुटत नाहीत.

मासळीचं पाकीट हवा काढून बंद केलेलं असेल, प्लॅस्टिक तुकड्याला चामडीसारखं चिकटलेलं असेल, तर फ्रीजमध्ये ठेवण्याआधी ते कापून उघडा किंवा मासळी बाहेर काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचं विष बनवणारा क्लॉस्ट्रिडियम जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो, आणि मासळीत सापडणारा त्याचा एक प्रकार जेमतेम ३ अंशांच्या वरही वाढू शकतो, म्हणजे घरच्या फ्रीजमध्येसुद्धा. पाकिटात हवा शिरली की हा प्रश्न मिटतो.

दुसरी पद्धत: थंड पाणी

शुक्रवारी काढायचं राहून गेलं आणि रविवारी सकाळचे दहा वाजले, तर हा मार्ग. पाणी हवेच्या वीसहून अधिक पट वेगाने उष्णता पोहोचवतं, म्हणून फ्रीजमध्ये दिवसभर लागणारं काम इथे तासाभरात होतं.

पण या पद्धतीचे नियम जिथे लिहिले गेले तिथे नळाला थंडगार पाणी येतं. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये दुपारी नळातून कढत येतं. त्या पाण्यात चिकन बुडवणं म्हणजे ते ओट्यावर ठेवण्याहून वाईट. पाणी वाहतं असलं तरी ते २१ अंशांपेक्षा गरम नको. हाताला गार लागलं पाहिजे, 'कोमट नाही' एवढं पुरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकला नळाचं पाणी चालतं. एरवी फ्रीजमधल्या दोन बाटल्या पाण्यात ओता आणि बर्फाचा एक ट्रे टाका. बर्फाच्या पाण्यातही मांसाचा बर्फ सुटतो, थोडा वेळ वाढतो इतकंच. कोरड्या हवेच्या गावात माठातलं पाणीही चांगलं गार असतं, पण कोकणात दमटपणामुळे माठ तितका थंड होत नाही, तिथे बर्फच घाला.

आता कृती. चिकन किंवा मासळी जाड, न गळणाऱ्या पिशवीत घाला, शंका असेल तर दोन पिशव्या एकात एक. आत पाणी शिरलं तर मांस ते शोषतं आणि पाणचट होतं, शिवाय बाहेरचे जिवाणू आत आणि आतले बाहेर जातात. हवा काढून तोंड बांधा. पिशवी पूर्ण बुडेल असं मोठं पातेलं घ्या. पिशवी तरंगते, म्हणून वर एक ताटली उपडी ठेवून दाबा. दर अर्ध्या तासाने पाणी ओतून नवीन थंड पाणी भरा. हे चुकवू नका. सुरुवातीला मांस पाण्याला गार करत असतं, पण नंतर स्वयंपाकघराची उष्णता पाण्यात उतरते.

अर्ध्या किलोची चपटी पिशवी तासाभरात सुटते. दीड किलोच्या जाड गोळ्याला दोन-तीन तास लागतात. दर वेळी पाणी बदलताना पिशवीवरूनच तुकडे बोटांनी हलवून सुटे करा, आतला बर्फ लवकर उघडा पडतो. तपासायला सगळ्यात जाड तुकडा, तंगडीचा वरचा भाग, दोन बोटांत दाबा. आत टणक गाठ लागली तर अजून बर्फ आहे.

पाण्यातून काढलेलं चिकन लगेच शिजवायचं. दोन तास मॅरिनेट करून ठेवायचा बेत असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. वापरलेलं पातेलं आणि मोरी साबणाने घासा. आणि चिकन नळाखाली धरून धुऊ नका. धार आपटली की बारीक थेंब ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी ठेवलेल्या टोमॅटोवर उडतात. न धुता चालतं, कारण जिवाणू शिजवल्यानेच मरतात. घरात धुतल्याशिवाय चालतच नसेल तर भांड्यातल्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढा आणि ते पाणी हळूच ओता.

गरम पाण्याबद्दल एकदाच स्पष्ट सांगते: नको. बाहेरचा थर काही मिनिटांत जिवाणूंना हव्या त्या उबेला येतो, कडा पांढरट होऊन अर्धवट शिजतात, आणि हाडाजवळ बर्फ तसाच राहतो.

तिसरी पद्धत: मायक्रोवेव्ह

घाईच्या वेळी चालेल, पण फक्त तेव्हाच जेव्हा गॅसवर कढई तयार आहे. मायक्रोवेव्हच्या लहरी बर्फात फारशा जिरत नाहीत, पाण्यात जिरतात. त्यामुळे जिथे बर्फ आधी सुटला तिथे उष्णता आणखी खेचली जाते. पंखाचं टोक शिजून कडक होतं आणि शेजारचा तुकडा तसाच गोठलेला राहतो. डीफ्रॉस्टच्या बटणावर मशीन मध्येमध्ये थांबतं ते यासाठीच, त्या विश्रांतीत गरम भागातली उष्णता गार भागाकडे सरकते.

थर्माकोलचा ट्रे, प्लॅस्टिकची पिशवी, ट्रेखालचा शोषून घेणारा कागद हे सगळं काढून टाका. तुकडे काचेच्या काठाच्या ताटलीत, जाड भाग बाहेरच्या बाजूला येईल असे मांडा. वजन विचारणारं मशीन असेल तर खरं वजन घाला. तसं बटण नसेल तर ताकद ३० टक्क्यांवर ठेवून दोन-दोन मिनिटांनी थांबवा, तुकडे उलटा, सुटलेले बाजूला काढा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. मध्ये थोडा बर्फ असतानाच थांबा, तो फोडणीत सुटतो. मग ताबडतोब शिजवा. काही भाग आधीच उबदार झालेला असतो, त्यामुळे फ्रीजमध्ये परत ठेवणंही योग्य नाही.

मासळीसाठी मी मायक्रोवेव्ह वापरत नाही. सुरमईच्या पातळ कडा रबरासारख्या होतात आणि चव जाते. मासळीच्या आमटीत गोठलेले पातळ तुकडे थेट सोडलेले बरे. उकळत्या रश्श्यात ते नीट शिजतात, फक्त वेळ दीडपट धरा. चिकनचे सुटे तुकडेही असे चालतात, गोठलेला गोळा मात्र नाही. आणि गोठलेला तुकडा तेलात कधीच सोडू नका. बर्फाची वाफ होऊन उकळतं तेल अंगावर उडतं.

पद्धत कुठलीही असो, चिकनचा सर्वात जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत आणि मासळी ६३ अंशांपर्यंत पोहोचली पाहिजे. मांसाचा थर्मामीटर फार महाग नसतो, आणि 'हाडाजवळ गुलाबी दिसतंय, शिजलं की नाही?' हा वाद त्याने संपतो. तो नसेल तर मासळी काट्याने सहज पदर सुटून येते का, हे पाहा.

बांगडा, तारली, कुपा यांचं वेगळं

वरचे बहुतेक धोके नीट शिजवल्याने टळतात. या मासळीचा एक धोका शिजवूनही टळत नाही. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या जातींच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासळी उबदार राहिली तर जिवाणू त्यापासून हिस्टामाइन बनवतात. हिस्टामाइन तळून, उकळून, परत गोठवून, कशानेही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. लोक याला मासळीची अ‍ॅलर्जी समजतात. वासावरून ते ओळखता येत नाही, कधी जिभेला तिखट झिणझिणी जाणवते तेवढीच खूण, आणि ती जाणवली तर घास टाकून द्या. ही मासळी फ्रीजरमधून काढून ओट्यावर विसरली असेल तर 'चांगली तळून घेऊ' असा विचारच करू नका. श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा.

परत गोठवायचं का?

पाहुणे येणार नाहीत असा निरोप आला, आणि चिकन सुटलंय. आता उत्तर त्याचा बर्फ कुठे सुटला यावर आहे.

फ्रीजमध्ये सुटला असेल आणि चिकन सतत फ्रीजमध्येच राहिलं असेल, तर ते कच्चंच परत गोठवलं तरी सुरक्षित आहे. 'एकदा सुटलेलं कधीच परत गोठवू नये' असं सरसकट सांगितलं जातं, ते या बाबतीत खरं नाही. नुकसान चवीचं होतं. घरच्या फ्रीजरमध्ये गोठणं संथ असल्यामुळे बर्फाचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशी फोडतात, आणि दुसऱ्यांदा बर्फ सुटताना आणखी रस वाहून जातो. छातीचं मांस कोरडं, चोथ्यासारखं होतं. मासळीचं त्याहून जास्त. माझा नियम असा, की बर्फ सुटल्याच्या पहिल्याच दिवशी परत गोठवायचं. फ्रीजमध्ये गेलेला वेळ गोठवल्याने पुसला जात नाही, म्हणून दुसऱ्यांदा सुटल्यावर त्याच दिवशी शिजवायचं. पिशवीवर 'दुसऱ्यांदा' असं लिहा, नाहीतर तिसऱ्या फेरीला कळणार नाही.

पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सुटला असेल तर कच्चं परत गोठवू नका. आधी शिजवा. शिजवलेला रस्सा उथळ भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये ठेवता येतो. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त, किंवा उन्हाळ्यात तासापेक्षा जास्त राहिलं असेल, तर ना गोठवायचं ना शिजवायचं. इथे वासाचा भरवसा धरू नका. आंबट वास, चिकटपणा, मासळीला अमोनियासारखा वास म्हणजे खराब झालंच, पण आजार देणाऱ्या जिवाणूंना अनेकदा वासच नसतो.

बाजारात बर्फावर मांडलेली मासळी कधी आधी गोठवून सोडवलेली असते. घेताना मासेवाल्या मावशींना सरळ विचारा, बहुतेक जणी खरं सांगतात. तशी असेल तर ती त्याच दिवशी शिजवा, कारण तिचा बर्फ कुठे आणि किती वेळ सुटला ते तुम्हाला माहीत नाही.

वीज गेली तर हाच विचार करा. दार न उघडता भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. खालचा फ्रीज मात्र चारच तास. वीज आल्यावर पिशव्या एकेक करून चाचपा. आत बर्फाचे कण कुरकुरत असतील किंवा तापमान ४ अंशांच्या आत असेल तर परत गोठू द्या. मऊ आणि कोमट झालेली पिशवी, त्यात पावणेदोन किलो सुरमई असली तरी, टाकून द्या.